शाळेचे पत्र आणि ‘काळजीचे कारण नाही’



शाळेकडून घरी येणारी पत्रे ठरावीक स्वरूपाची असतात. फीची मुदत, पालकसभेची तारीख, सहलीची संमती, स्नेहसंमेलनाचे निमंत्रण. ती वाचली काय किंवा दोन दिवसांनी वाचली काय, फारसे बिघडत नाही. एक पत्र मात्र या सर्वांहून वेगळे असते. खेळाच्या स्पर्धेत मुलाला दुखापत झाली, हे कळविणारे पत्र. ते क्वचितच लिहिले जाते, म्हणून ते लिहिण्याचा सराव कोणालाच नसतो. जेव्हा लिहावे लागते तेव्हा मैदानावर गडबड असते, मुख्याध्यापकांपुढे पाहुणे बसलेले असतात आणि कारकुनाला शाळा सुटण्यापूर्वी कागद हातावेगळा करायचा असतो. परिणामी चार ओळी खरडल्या जातात आणि त्यांतली शेवटची ओळ हमखास असते : ‘काळजीचे कारण नाही.’

या महिन्याच्या लेखात त्या एका पत्राविषयीच लिहावे म्हणतो. निमित्त असे की, निवृत्तीनंतर एका शाळेच्या सल्लागार समितीवर काम करीत असताना अशा एका प्रसंगाची सर्व कागदपत्रे माझ्यासमोर आली आणि पुढच्यासाठी पत्राचा नमुना तयार करण्याचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले. शाळेचे वा मुलांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रसंग मात्र सविस्तर सांगतो, कारण त्यातील वेळांनाच महत्त्व आहे.

डिसेंबर महिना, शुक्रवार. वार्षिक क्रीडास्पर्धांमध्ये सातवीच्या दोन तुकड्यांचा कबड्डीचा सामना चालू होता. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास चढाईसाठी आलेल्या मुलाला साखळी पकड करण्यासाठी दोघे बचावपटू दोन बाजूंनी एकाच वेळी झेपावले. चढाई करणारा निसटला आणि या दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. पहिल्या मुलाची डावी भुवई फुटली, रक्त वाहू लागले. दुसऱ्याच्या उजव्या कानाच्या वर, कानशिलापाशी मार लागला. रक्त आले नाही. तो क्षणभर खाली बसला, डोके हाताने दाबले. क्रीडाशिक्षकांनी विचारले, ‘ठीक आहेस ना?’ त्याने मान डोलावली. तो पुन्हा मैदानात उतरला आणि दुपारी अडीच वाजता रिले शर्यतीतही धावला.

पहिल्या मुलाला जवळच्या दवाखान्यात नेण्यात आले. तीन टाके पडले. त्याच्या आईवडिलांना दूरध्वनी गेला आणि संध्याकाळी पत्रही गेले. ते पत्र असे होते :

‘आपल्या पाल्यास आज क्रीडास्पर्धेत किरकोळ दुखापत झाली असून योग्य ते प्रथमोपचार करण्यात आले आहेत. काळजीचे कारण नाही. कळावे.’

दुसऱ्या मुलाच्या घरी काहीच गेले नाही. दूरध्वनी नाही, पत्र नाही. कारण शाळेच्या दृष्टीने त्याला काही झालेलेच नव्हते.

तो मुलगा पाच वाजता घरी आला. डोके दुखते म्हणाला. दिवसभर उन्हात होता, दुखणारच, असे घरच्यांना वाटले. जेवला नाही. साडेआठ वाजता उलटी झाली. मैदानाबाहेर भेळ खाल्ली होती, तीच बाधली असावी असा तर्क झाला आणि लिंबू-साखरेचे पाणी देण्यात आले. साडेदहाला दुसरी उलटी, रात्री एक वाजता तिसरी. मग तो झोपला. सकाळी सहा वाजता आई उठवू लागली तर नीट जागाच होईना. डोळे उघडी, काहीतरी असंबद्ध बोले आणि पुन्हा झोपी जाई. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता : ‘काल कुठे पडला होता का? डोक्याला मार लागला होता का?’ आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना माहीत नव्हते. मुलाला विचारले तर त्याला कबड्डीचा सामनाच नीट आठवेना. अखेर वर्गमित्राच्या घरी दूरध्वनी केल्यावर उलगडा झाला. डोक्याचा सीटी स्कॅन काढण्यात आला. सुदैवाने रक्तस्राव नव्हता. मेंदूला हादरा बसला होता, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवून मुलाला घरी सोडले आणि काही आठवड्यांत तो पूर्ववत झाला.

शेवट गोड झाला म्हणून प्रश्न सुटत नाही. त्या घरात रात्री साडेआठ ते सकाळी सहा असे साडेनऊ तास मुलासमोर जागी असलेली शहाणी माणसे होती. खुणा दिसत होत्या. फक्त त्या खुणांचा अर्थ लावण्यासाठी लागणारी एक ओळ त्यांच्याजवळ नव्हती : ‘आज ११.२० वाजता आपल्या मुलाचे डोके दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर आदळले.’

कानशिलावरचा मार डॉक्टर इतका गंभीरपणे का घेतात, हे समजून घेतले म्हणजे या ओळीची किंमत कळते. कानाच्या पुढे-वर कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. साचायला वेळ लागतो. म्हणून अशा रुग्णांपैकी काही जण मार लागल्यानंतर कित्येक तास अगदी चांगले बोलतात, चालतात, जेवतात आणि मग एकाएकी खालावतात. म्हणजेच, साडेअकरा वाजता मान डोलावून ‘ठीक आहे’ म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो. पण त्याचे ते उत्तर साडेअकराचेच असते. रात्री दहाचे उत्तर घरच्यांनाच पाहावे लागते. रक्तस्राव हा विरळा प्रकार आहे, हे खरे. हादरा मात्र विरळा नाही. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असेही नाही. बहुसंख्य मुलांची ती हरपत नाही. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण, आठवण पुसली जाणे ही लक्षणे कधी लगेच, तर कधी एकदोन दिवसांतही दिसू लागतात.

आता त्या चार ओळींच्या पत्राकडे पुन्हा पाहू. बँकेत माझी बरीच वर्षे अशी गेली की, समोर आलेल्या कागदावर ‘कोण, केव्हा, किती’ या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर तो परत पाठवायचा. त्या सवयीने पाहता पत्रातील एकही शब्द कसोटीस उतरत नाही.

‘किरकोळ’ हे मत आहे, माहिती नव्हे. ‘डाव्या भुवईवर सुमारे दोन सेंटिमीटरची जखम, तीन टाके’ ही माहिती. किरकोळ की गंभीर हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा, आणि तेही तपासणीनंतर. ‘दुखापत झाली’ म्हणजे कशी झाली? पायरीवरून घसरून भुवई फुटणे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर आदळून फुटणे यांत डॉक्टरांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. ‘प्रथमोपचार करण्यात आले’ या कर्मणी प्रयोगात करणारा अदृश्य होतो. आपल्या कार्यालयीन मराठीची ही जुनी खोड आहे. कोणी केले, काय केले, किती वाजता केले, हे कळले पाहिजे. धनुर्वाताची लस टोचली की नाही, हे लिहिले नाही तर घरचे डॉक्टर ती पुन्हा टोचण्याची शक्यता असते किंवा टोचली असेल म्हणून राहून जाते. आणि शेवटी ‘काळजीचे कारण नाही’. हे वाक्य सद्हेतूने लिहिले जाते, पण घरच्यांचे डोळे मिटविण्याचे काम करते. त्या संध्याकाळी शाळेला पालकांकडून जे हवे होते ते नेमके उलट होते : डोळे उघडे ठेवणे.

या प्रसंगानंतर जो नमुना तयार झाला तो खाली देतो. तो दुसऱ्या मुलाच्या, म्हणजे ज्याला ‘काहीच झाले नव्हते’ त्याच्या पालकांना उद्देशून आहे, कारण चुकण्याची शक्यता तिथेच अधिक.

‘माननीय पालक,
सप्रेम नमस्कार. आपला मुलगा (नाव, इयत्ता, तुकडी) यास आज शुक्रवार, दि. … रोजी सकाळी ११.२० वाजता शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या सामन्यात मार लागला. पकड करताना त्याचे व दुसऱ्या एका खेळाडूचे डोके एकमेकांवर आदळले. मार उजव्या कानाच्या वर आहे. रक्त आले नाही. शुद्ध हरपली नाही. तो सुमारे एक मिनिट खाली बसला होता.
क्रीडाशिक्षक श्री. … यांनी त्यास लगेच खेळातून बाहेर काढले. ११.२५, ११.४० व १२.०० वाजता त्याच्याशी बोलून पाहिले. तो नीट उत्तरे देत होता. डोके थोडे दुखत असल्याचे त्याने १२.०० वाजता सांगितले. त्या जागी बर्फ लावला. कोणतेही औषध दिलेले नाही. ११.३५ वाजता आपणांस दूरध्वनीवरून कळविले.
डोक्याच्या माराची लक्षणे उशिरा दिसू शकतात. आजच डॉक्टरांना दाखवावे व हे पत्र सोबत न्यावे. पुढील ४८ तास मुलासोबत जाणते माणूस असावे. मागील बाजूस दिलेल्यांपैकी एकही खूण दिसल्यास वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.
डॉक्टरांची लेखी परवानगी येईपर्यंत त्यास शाळेत कोणताही खेळ खेळू दिला जाणार नाही. आपले काही विचारणे असल्यास वर्गशिक्षक श्री./श्रीमती … यांच्याशी रात्रीही संपर्क साधावा. सोमवारी सकाळी आम्ही आपणांस दूरध्वनी करू.
झाल्या प्रकाराबद्दल आम्हांस खेद वाटतो.
मुख्याध्यापक
(पत्र मिळाले. घेणाऱ्याची सही, नाते व वेळ.)’

पत्र लांब नाही, एका पानात बसते. त्यातील काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत, त्यांचे कारण सांगतो.

पहिली गोष्ट, दूरध्वनी आधी आणि पत्र नंतर. दूरध्वनी बातमी देण्यासाठी असतो. पण फोनवर ऐकलेल्या दहा गोष्टींपैकी घाबरलेल्या आईच्या लक्षात दोनच राहतात. पत्र हे रात्री पुन्हा वाचण्यासाठी आणि डॉक्टरांच्या हाती देण्यासाठी असते. आपल्या घरांमध्ये पुष्कळदा आईवडील दोघेही दुकानावर असतात आणि मूल घरी येते तेव्हा आजी-आजोबा असतात. म्हणून पत्र मराठीत आणि आजीला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत हवे, मग शाळा कोणत्याही माध्यमाची असो.

दुसरी गोष्ट, हे पत्र मुलाच्या दप्तरात घालून पाठवायचे नाही. डोक्याला मार लागलेले मूल हा निरोप्या म्हणून सर्वांत अविश्वसनीय. तो विसरतो, तेच तर लक्षण आहे. शिवाय पुढच्या सामन्यातून वगळतील या भीतीने मुले पत्र दडवतातही. म्हणून न्यायला आलेल्या मोठ्या माणसाच्या हाती द्यावे आणि पोच घ्यावी. भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाठवायला हरकत नाही, पण ते त्या पालकांच्याच क्रमांकावर, वर्गाच्या समूहावर नव्हे.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या मुलाचे नाव पत्रात नाही. ‘दुसरा एक खेळाडू’ एवढेच. त्याच्या पालकांना त्यांचे पत्र वेगळे जाईल. नाव लिहिले की वैद्यकीय माहितीचा कागद तक्रारीचा कागद होतो आणि रात्री दोन कुटुंबांमध्ये फोनाफोनी सुरू होते. मात्र नियम असा की डोके आदळले तर पत्रे दोन. ज्याचे रक्त दिसले त्यालाच नव्हे, ज्याचे दिसले नाही त्यालाही.

चौथी गोष्ट दोषाची. समितीच्या बैठकीत एका सभासदाने शंका काढली की, इतके तपशीलवार लिहून देणे म्हणजे जबाबदारी कबूल करणे नव्हे काय? उद्या हाच कागद आपल्याविरुद्ध वापरला जाईल. बँकेतल्या मंडळींना ही शंका परिचित आहे. रोखपालाच्या पेटीत संध्याकाळी रक्कम कमी आली तर ती त्याच दिवशी, तेवढीच, लिहून ठेवावी लागते. त्या नोंदीचा अर्थ चोरी केली असा होत नाही. नोंद न करणे मात्र संशयास्पद ठरते. या पत्राचेही तसेच आहे. काय घडले ते लिहावे, कोणाच्या चुकीमुळे घडले ते लिहू नये. ‘मुलाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ हे तर कधीच लिहू नये. खेद व्यक्त करणे हे माणुसकीचे आहे, त्यात कबुली नाही. आणि शाळेच्या अपघात नोंदवहीतील वेळ व पत्रातील वेळ एकच असावी. दोन कागदांत दोन वेळा आल्या की खरी नोंदही खोटी वाटू लागते.

याच नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. शाळेचा समूह अपघात विमा असेल तर कंपनीला मुदतीत कळवावे लागते आणि घटनेचा पुरावा म्हणून शाळेचाच कागद मागितला जातो. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिथेही कागदपत्रे शाळेमार्फतच पुढे सरकतात. ‘किरकोळ दुखापत, काळजीचे कारण नाही’ असे लिहिलेला कागद हाती घेऊन रुग्णालयाच्या खर्चासाठी अर्ज करणाऱ्या पालकाची अवस्था काय होईल, याची कल्पना करावी.

आता पत्राच्या मागील बाजूविषयी. तिथे धोक्याच्या खुणा आहेत, आणि त्या पालकांना पाहता येतील अशा शब्दांत आहेत. पुन्हापुन्हा उलट्या होणे. डोकेदुखी वाढत जाणे. नेहमीपेक्षा जास्त गुंगी येणे किंवा जागे करूनही नीट जागे न होणे. बोलणे असंबद्ध होणे, माणसे न ओळखणे. झटका येणे. एका बाजूच्या हातापायातील शक्ती जाणे, तोल जाणे. दोन बुबुळांच्या मधल्या काळ्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे. नाकातून वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे. मान दुखणे. यांतील एकही दिसली तरी रात्र असो वा पहाट, निघायचे. आपल्या प्रसंगातील मुलाला यांतील तीन खुणा स्पष्ट होत्या.

घरी नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्नही तिथे आहेत. एक, झोपू द्यावे का? आपल्याकडे समज असा की डोक्याला मार लागलेल्याला रात्रभर जागे ठेवावे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठविले असेल तर झोप घेऊ द्यावी. ती उपकारकच असते. डॉक्टरांनी सांगितले असेल तर मधून जागे करून पाहावे. धोका झोपेत नाही, न तपासता झोपू देण्यात आहे. दुसरा, दुखण्यावर कोणती गोळी? वजनानुसार पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊच नये आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पहिल्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, कारण आत रक्तस्राव असल्यास तो वाढण्याची भीती असते.

सीटी स्कॅनविषयीही एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणजे काहीच झाले नाही, असे नव्हे. स्कॅन रक्तस्राव आणि हाडाचा तडा दाखवितो, हादरा त्यात दिसत नाही. म्हणून स्कॅन चांगला आलेल्या मुलालाही सोमवारी मैदानात धाडता येत नाही. तसेच प्रत्येक मुलाचा स्कॅन काढावा असा हट्टही धरू नये. वारंवार उलट्या, गुंगी, विस्मरण अशा खुणा पाहून डॉक्टर तो निर्णय घेतात, कारण क्ष-किरणांचा मारा मुलांच्या बाबतीत शक्य तितका टाळायचा असतो.

पत्रातील ‘लेखी परवानगी येईपर्यंत खेळ नाही’ या वाक्यामागे एक इतिहास आहे. २००६ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लायस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल सामन्यात डोक्यावर पडला. थोडा वेळ बाहेर बसून तो त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूतील रक्तस्रावावर शस्त्रक्रिया करून त्याचा जीव वाचला, पण बोलणे आणि चालणे पुन्हा शिकण्यात वर्षे गेली. त्याच्या कुटुंबाच्या प्रयत्नांतून २००९ साली त्या राज्याने त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा केला. त्यात तीन गोष्टी आहेत. दरवर्षी हंगामापूर्वी पालक व खेळाडू यांनी हादऱ्याविषयीचे माहितीपत्रक वाचून सही करायची. हादऱ्याचा संशय येताच मुलाला खेळातून बाहेर काढायचे. आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय त्याला परत घ्यायचे नाही. पुढील पाच वर्षांत अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशा प्रकारचे कायदे केले. आपल्या नमुन्यात दुसरी आणि तिसरी गोष्ट पत्रात आली आहे. पहिली गोष्ट शाळेने स्पर्धेच्या संमतीपत्रातच घालावी, असे ठरले.

परत येण्याचा मार्गही पायऱ्यांचा असतो. पहिले एकदोन दिवस सापेक्ष विश्रांती. म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडून राहणे नव्हे. घरात हिंडावे-फिरावे, पण पडद्यावर डोळे लावून बसणे शक्य तितके कमी. मग थोडा वेळ शाळा, मग पूर्ण दिवस शाळा. अभ्यास आधी, मैदान नंतर, हा क्रम उलटू नये. त्यानंतर हलका व्यायाम, मग धावणे, मग अंगाला अंग न लागता खेळाचा सराव, मग डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि त्यानंतरच पकडीचा सराव व सामना. प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस. डोके पुन्हा दुखू लागले तर एक पायरी खाली. बहुतेक मुले चार आठवड्यांच्या आत बरी होतात. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी जी मार्गदर्शक सूचना निघाली, तिच्यात स्पर्धेत परतण्यापूर्वी किमान २१ दिवस जावेत असे सांगितले आहे. आंतरशालेय अंतिम सामना आठवड्यावर आला असताना हे पाळणे कठीण जाते, हे मान्य. म्हणूनच ते पत्रात लेखी असावे. मग क्रीडाशिक्षकांनाही आग्रह करणाऱ्या पालकांपुढे कागद दाखविता येतो.

या व्यवस्थेला मर्यादा आहे. पत्र रोगनिदान करीत नाही, आणि खुणा नसतील तर धोका नाहीच अशी हमीही देत नाही. ते एवढेच करते की मैदानावर शिक्षकांनी जे पाहिले ते रात्री घरच्यांना आणि पहाटे डॉक्टरांना उपलब्ध करून देते.

पालकांच्या बाजूनेही एक कागद लागतो, त्याशिवाय शाळेचे पत्र अपुरे राहते. वर्षारंभी भरून घेतलेल्या पत्रकातील दूरध्वनी क्रमांक आज लागतो का? आईवडील न भेटल्यास तिसरा कोण? मुलाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, धनुर्वाताची शेवटची लस केव्हा झाली (सरकारी लसीकरणात ती दहाव्या व सोळाव्या वर्षी असते), नियमित औषधे कोणती? आपल्या घरांपुरते एक अधिक सांगतो. मुलाचा उपवास वा एकासणे असेल त्या दिवशी स्पर्धा असल्यास वर्गशिक्षकांना सकाळीच चिठ्ठी द्यावी. उपाशी मुलाला चक्कर आली तर ती माराची की भुकेची, हे ओळखणे अवघड होते. आणि भूल देण्याची वेळ आलीच तर शेवटचे खाणे-पिणे किती वाजता झाले, हे डॉक्टर विचारतातच.

डिसेंबर-जानेवारी हे शालेय स्पर्धांचे महिने आहेत. येत्या पालकसभेत आपल्या शाळेकडे तीन गोष्टी विचाराव्यात. डोक्याला मार लागल्यास रक्त न आलेल्या मुलाच्या घरीही कळविले जाते का? कळविण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे? आणि पत्राच्या मागे धोक्याच्या खुणा छापलेल्या आहेत का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आले तर वरील नमुना उतरवून द्यावा. त्यातील रिकाम्या जागा भरायला पाच मिनिटे पुरतात.

कळावे.